सातपुडा आधीच दिसून गेलाय

*मी रावेर तालुक्यातला, वय 26. घरची केळीची बाग आहे. आमचे मोठे काका, नाना, यांच्यावर साडेचार मिनिटांची फिल्म जोडतोय. ड्रोन मित्राचा, शूटिंग 4के आणि 60 फ्रेमवर. केळीच्या पानांआडून ड्रोन वर उठतो आणि मागे सातपुडा उघडतो, असा एक शॉट आहे. खरं तर सगळी फिल्म त्याच्यासाठीच आहे. पण घरात दाखवली तेव्हा त्या शॉटला कुणी हूं की चूं केलं नाही, वहिनीने तर मोबाईल काढला. बाकीचे शॉट कुठे रेंगाळतात, कुठे पळतात. ड्रोनच्या व्हिडिओतला वाऱ्याचा आवाज घालवायला नॉइज रिडक्शन पूर्ण लावलं, तर नाना डब्यातून बोलल्यासारखे वाटतात. आता जोरदार संगीत टाकू, की लेन्सवर लावायचा फिल्टर विकत घेऊन सगळं परत शूट करू? दोन आठवड्यांत बाग कापणीला येतेय.*

— एक वाचक

नमस्कार.

फिल्मबरोबर कच्च्या क्लिपाही पाठवल्यात हे फार बरं केलंत. नुसत्या वर्णनावरून मी तुम्हाला भलताच सल्ला दिला असता. सुरुवात आवाजापासून करते, कारण त्याचा धागा ओढला तर बाकीचंही सुटत जाईल.

तुमच्या मित्राकडे असतो तसल्या बहुतेक ड्रोनमध्ये माइकच नसतो. असून उपयोगही नाही, चार पंख्यांच्या घरघरीत तो काय ऐकणार? म्हणजे कार्डावरची मूळ क्लिप मुकी असायला हवी. तुम्ही पाठवलेल्या क्लिपांना मात्र आवाज आहे: वारा, तुमचा मित्र "अजून वर, अजून वर" म्हणतोय, लांब कुठेतरी पंप चालू आहे. हा आवाज ड्रोनचा नाही, जमिनीवर हातात धरलेल्या मोबाईलचा आहे. काही ॲप उडवताना मोबाईलमध्ये व्हिडिओची एक हलकी प्रत साठवतात आणि सांगितलं तर मोबाईलच्या माइकचा आवाज तिला जोडतात. मी फाइलची माहिती उघडून पाहिली. 1280 बाय 720, सेकंदाला 30 फ्रेम. तुम्ही 4के शूट केलंत आणि फिल्म मात्र त्या हलक्या प्रतीवर जोडताय.

तेव्हा आज पहिलं काम म्हणजे मित्राला फोन करायचा आणि ड्रोनमधलं कार्ड कुणी पुसलं नाही ना हे विचारायचं. कार्डावर 3840 बाय 2160 च्या, मुक्या, 60 फ्रेमच्या क्लिपा सापडल्या तर परत शूट करायची गरज जवळपास संपली. पुसलं असेल तर तो एक शॉट पुन्हा घ्यावा लागेल. तो कसा, ते शेवटी सांगते.

आता त्या शॉटबद्दल. संगीताने तो उठेल असं तुम्हाला वाटतंय, म्हणजे शॉटमध्ये ताकद कमी पडते असं तुम्ही धरून चाललाय. मला तसं दिसत नाही. तुमच्या फिल्ममध्ये बाराव्या सेकंदाला बागेवरून जाणारा एक रुंद शॉट आहे. त्यात मागे सातपुड्याची अख्खी रांग दिसते. चाळिसाव्या सेकंदाला ती पुन्हा दिसते. सव्वातीन मिनिटांनी पानांआडून ड्रोन वर येतो तेव्हा घरच्यांनी जे दोनदा बघून झालंय तेच तिसऱ्यांदा बघायचं. वहिनींचा काही दोष नाही! मीही एकदा एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या तळ्यावर छोटी फिल्म जोडत होते. झाडीतून तळं उघडतं तो शॉट शेवटी ठेवला आणि शीर्षकाच्या मागे, सुंदर दिसतं म्हणून, त्याच तळ्याचा शॉट लावला. कुणीतरी लक्षात आणून दिलं तेव्हा कपाळावर हात मारला.

म्हणून ते दोन्ही शॉट काढा. जीव तुटेल, पण काढा. अगदीच ठेवायचे असतील तर क्रॉप करून फ्रेम खाली सरकवा, म्हणजे क्षितिज बाहेर जाईल आणि फक्त केळीच्या ओळी उरतील. रिव्हील शॉटच्या, म्हणजे डोंगर उघडणाऱ्या त्या शॉटच्या, आधीच्या सगळ्या फिल्ममध्ये एकही डोंगररेषा दिसता कामा नये. नानांच्या मुलाखतीतही त्यांच्या डाव्या खांद्यामागे एक निळसर तुकडा दिसतोय, तिथेही फ्रेम थोडी आत घ्या. या तीन मिनिटांत बघणाऱ्याला बाग म्हणजे पानांचा एक बंद खोलगट भाग वाटला पाहिजे. सावली, ठिबकच्या नळ्या, खोडं, नानांचे हात, एवढंच.

आता खुद्द शॉट. तुमची क्लिप 31 सेकंदांची आहे आणि तुम्ही ती अख्खी वापरली आहे, वर शेवटी वेग दुप्पट केलाय. मी ती थांबवत थांबवत पाहिली. पहिल्या सहा सेकंदांत ड्रोन पानांआडच आहे आणि उठताना जरा डुगडुगतो. सहाव्या सेकंदाला पानांच्या टोकांवर पहिला डोंगर डोकावतो. आठव्या सेकंदानंतर जवळची पानं फ्रेमच्या खालून निघून जातात. पुढचे बावीस-तेवीस सेकंद ड्रोन चढतच राहतो आणि चित्र मात्र फारसं बदलत नाही.

हे असंच होणार होतं, त्यात मित्राचं काही चुकलेलं नाही. कॅमेरा समोर सरळ पाहत असेल तर ड्रोन कितीही वर गेला तरी क्षितिज फ्रेममध्ये जागचं हलत नाही. हलतात त्या जवळच्या वस्तू. पानं कॅमेऱ्यापासून तीनेक मीटरवर आहेत, डोंगर कित्येक किलोमीटरवर. सेकंदाला एक मीटर वेगाने कॅमेरा पानांची उंची ओलांडतो तेव्हा दोनेक मीटरच्या चढात पानं फ्रेमच्या वरच्या भागातून थेट खालून बाहेर जातात. म्हणजे पडदा उघडण्याचा सगळा खेळ दोन सेकंदांचा आहे. त्यानंतर डोंगर वीस मीटरवरूनही तेवढाच दिसतो आणि तीस मीटरवरूनही तेवढाच.

म्हणून जे करायचं ते या दोन सेकंदांभोवती करायचं. मूळ क्लिप 60 फ्रेमची आहे आणि तुमची टाइमलाइन 30 ची. वेग 50 टक्के केला की प्रत्येक फ्रेम खरी राहते, एकही बनावट फ्रेम लागत नाही. दोन सेकंदांचे चार होतात. क्लिपचा साडेचार सेकंदांपासून पावणेअकरा सेकंदांपर्यंतचा तुकडा घ्या. अर्ध्या वेगाने तो साडेबारा सेकंद चालेल: तीन सेकंद नुसती पानं, चार सेकंद उघडणं, आणि साडेपाच सेकंद शांतपणे बघायला. उठतानाची डुगडुग आपोआप कापली जाते. 50 च्या खाली जाऊ नका. 30 टक्के केलंत तर सॉफ्टवेअरला मधल्या फ्रेम एकतर दुहेरी दाखवाव्या लागतात, मग शॉट अडखळतो, किंवा स्वतः रचाव्या लागतात. `Optical Flow` हेच करतं. मोकळ्या आकाशात ते खपून जातं, पण फाटक्या किनारीची, एकावर एक हलणारी केळीची पानं त्याला झेपत नाहीत. पानांच्या कडा जेलीसारख्या वितळताना दिसल्या की समजा, रचलेल्या फ्रेम आल्या.

डोंगर लहान का दिसतो हेही तुम्हाला खटकत असणार. नजरेला सातपुडा भिंतीसारखा वाटतो, ड्रोनच्या रुंद लेन्समधून मात्र त्या रांगेची उंची फ्रेमच्या विसाव्या भागाएवढी भरते. इथे 4के कामाला येतं. तुमची फिल्म 1920 बाय 1080 ची आहे, तेव्हा मूळ क्लिप दुपटीपर्यंत मोठी केली तरी धूसर होत नाही. 1.6 पट करा. रांग ठसठशीत होईल, आणि त्याहून मोठा फायदा असा की सुरुवातीला पानांच्या वर जी आकाशाची पट्टी दिसते ती फ्रेमबाहेर जाईल. मग पहिल्या क्षणी पडदा पूर्ण बंद असेल. उघडण्याचा वेळ थोडा आखडेल, साडेतीन सेकंदांच्या आत येईल, चालेल. एक मात्र तपासा. सातव्या सेकंदाच्या आसपास वाऱ्याच्या झोताने क्षितिज अंशभर डावीकडे कललंय. सरळ डोंगररेषेत ते लगेच कळतं. क्लिप उलट बाजूला तेवढीच फिरवा, क्रॉपमुळे कोपरे रिकामे पडणार नाहीत.

आणि संगीत नको. निदान तिथे तरी नको. तुमच्याकडे संगीतापेक्षा मोठी गोष्ट आहे, ती तुम्ही फिल्मच्या शेवटी टाकून दिली आहे. नाना म्हणतात, "एका रात्रीत सगळी बाग आडवी झाली." मे महिन्यातलं वादळ केळीचं काय करतं हे रावेर-यावलकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ते वाक्य उचलून पानांच्या त्या तीन सेकंदांवर आणा. वाक्य संपलं की नानांचा आवाज बंद. फक्त पानांची सळसळ, आणि बाग उभी असलेली दिसते, तिच्यामागे डोंगर. पुढचे साडेनऊ सेकंद कुणीही बोलायचं नाही. त्यानंतर नाना ओळीतून चालत येतात तो जमिनीवरचा शॉट लावा. ड्रोन अजून हळू चढत असतानाच कापा, म्हणजे हालचालीवरून हालचालीवर जाल आणि धक्का बसणार नाही.

बाकीच्या शॉटचा वेग. तुम्ही सगळे ड्रोन शॉट पाच सेकंदांचे करून पाहिलेत, तरी काही पळतातच. साहजिक आहे. शॉट किती सेकंदांचा आहे यापेक्षा जमीन डोळ्यांखालून किती वेगाने सरकते हे बघणाऱ्याला जाणवतं, आणि ते ड्रोनच्या उंचीवर ठरतं. पानांवरून पाच मीटरवर सेकंदाला पाच मीटर म्हणजे डोळ्यांसमोरून धावणं. साठ मीटरवर तोच वेग म्हणजे बैलगाडी.

मी एक साधी मोजणी करते. शॉटमधली एक ठळक वस्तू धरायची, विहीर, मोटारीची खोली, बांधावरचं लिंबाचं झाड. ती फ्रेमच्या एका कडेला शिरल्यापासून दुसऱ्या कडेने बाहेर पडेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं. तुमच्या क्लिपांत हा आकडा दोन सेकंदांपासून वीस सेकंदांपर्यंत आहे. फिल्म हिसके देते ती इथे. सगळ्या क्लिपांचा वेग असा बदला की हा आकडा सात-आठच्या आसपास येईल. वीस सेकंदांची उंचावरची क्लिप 250 टक्के केली की आठ होते. खालून उडालेली, चार सेकंदांत ओलांडणारी क्लिप 50 टक्के केली की आठ. दोन सेकंदांचीच जी क्लिप आहे ती अर्ध्या वेगानेही चारवरच अडते, ती टाकून द्या.

वेग वाढवताना चोरी पकडून देतात माणसं आणि पानं. उंचावरच्या एका क्लिपमध्ये कोपऱ्यात एक मजूर घड वाहतोय. अडीचपट वेगात तो जुन्या मूकपटातल्यासारखा तुरुतुरु पळेल. तो शिरायच्या आधी कापा. खालच्या क्लिपा वेगवान करूच नका, पानांची थरथर लगेच खोटी वाटते. दिशाही बघा: तुमच्याकडे पुढे जाणाऱ्या शॉटला लागून मागे हटणारा शॉट दोनदा आलाय, त्याने पोटात गोळा येतो. मध्ये नानांच्या हातांचा एक स्थिर शॉट घाला.

आता नानांचा आवाज, म्हणजे डब्याचा प्रश्न. तुम्ही त्यांच्या कॉलरला माइक लावून बागेच्या कडेला बसवलंत, शेवरीच्या कुंपणाबाहेर, उघड्यावर. हवा थेट माइकच्या पडद्यावर आदळून जो ढबढब आवाज होतो तो तुम्हाला काढायचाय. पानांची सळसळ हा वेगळा आवाज आहे, तो लांबून कानावर येतो, तो ठेवायचाच आहे. नॉइज रिडक्शनला हा फरक कळत नाही. ऑडॅसिटीत `Get Noise Profile` दाबून तुम्ही त्याला दोन सेकंदांचा नमुना देता आणि ते धरून चालतं की पूर्ण मुलाखतभर गोंगाट असाच होता. पंख्याच्या किंवा फ्रीजच्या एकसारख्या आवाजाला हे बरोबर लागू पडतं. वारा दर क्षणी बदलतो. मग ते नमुन्याशी जुळणारं जे जे सापडेल ते खरवडतं, त्यात नानांचे स, श, ह आणि श्वासही जातात. डबा होतो तो असा.

ढबढब मुख्यतः फार खालच्या सुरांत असते, म्हणून आधी `High-Pass Filter` लावा. 80 हर्ट्झपासून सुरुवात करा, उतार 24 डेसिबलचा ठेवा. हेडफोन घालून आकडा दहा-दहाने वर न्या. नानांचा आवाज भारदस्त आहे; तो पातळ वाटू लागला की एक पायरी मागे या. बहुतेक 100 ते 120 च्या मध्ये थांबाल. मोबाईलच्या स्पीकरवर हे ठरवू नका, त्यावर ढबढब ऐकूच येत नाही आणि मग मोठ्या टीव्हीवर फजिती होते.

त्यानंतर हाताचं काम आहे, कंटाळवाणं पण खरं फळ देणारं. दोन वाक्यांच्या मध्ये जिथे झोत आदळतो तो तुकडा कापून टाका. तिथे निखळ शांतता मात्र ठेवू नका, फोन कट झाल्यासारखं वाटतं. तुमच्या जमिनीवरच्या एका क्लिपमध्ये, बागेच्या आत, वीसेक सेकंद सुरेख सळसळ आहे आणि एक होलाही घुमतोय. ती सळसळ मुलाखतीच्या सगळ्या लांबीखाली एकसलग, बारीक आवाजात पसरवा. उरलेली खरखर तिच्यात मिसळते, आणि रिव्हीलच्या वेळी हीच सळसळ तुम्हाला वर आणायची आहे. हे सगळं झाल्यावर हवं तर नॉइज रिडक्शन लावा, पण 6 डेसिबलवर. लावून आणि काढून ऐका. "शेत" आणि "हवा" हे शब्द दोन्हीकडे सारखे वाटले तर ठीक.

तीन ठिकाणी मात्र काहीच होणार नाही. लहर मोठी करून पाहा, झोताच्या जागी तिचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट झालेत. तिथे माइकची क्षमताच ओलांडली गेली, नानांचा आवाज फाइलमध्ये उरलाच नाही. ती तीन वाक्यं नानांकडून घरात पुन्हा बोलून घ्या. गोधड्या-उशांच्या खोलीत, दार-खिडक्या बंद, पंखा बंद, तोच माइक हनुवटीपासून वीतभर खाली. त्यावर ड्रोनचे किंवा हातांचे शॉट येणार असल्याने ओठ जुळवायचा प्रश्न नाही. अख्खी मुलाखत घरात पुन्हा घ्यायचा मोह होईल, पण मी घेणार नाही. बागेत बसून नाना लेवा बोलीत बोलतात. घरात माइकसमोर ते भाषण करतील अशी मला भीती वाटते. वादळाचं वाक्य सुदैवाने शाबूत आहे.

फिल्टरचे पैसे सध्या वाचवा. तो प्रकाश कमी करतो, म्हणजे भर उन्हात शटर जरा मंद ठेवता येतं आणि हालचाल मऊ दिसते. तुमच्या फिल्मचं दुखणं ते नाही.

आणि कार्ड पुसलेलं निघालं तर कापणीच्या आधी एक सकाळ राखून ठेवा. सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासात उडवा. वारा बहुधा तेव्हाच सर्वांत कमी असतो आणि तिरप्या उजेडात डोंगराच्या घड्याही दिसतात. आदल्या दिवशी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर तुमचं शेत उडवायला मोकळ्या असलेल्या हिरव्या पट्ट्यात आहे ना हे बघून घ्या. उंची तुम्हाला दहा मीटरच्या वर लागणारच नाही. ड्रोन बागेतल्या मोकळ्या जागेत, पानांपासून तीन मीटर राखून उभा करा. जास्त जवळ नको, पंख्यांच्या वाऱ्याने पानं फडफडतात आणि एखादं पातं अडकलं तर ड्रोन खाली. कॅमेरा सरळ समोर. रेकॉर्डिंग सुरू करून पाच सेकंद काहीच करू नका. मग मित्राला रिमोटची काठी अगदी हलकी ढकलायला सांगा, सेकंदाला अर्धा मीटर, आणि डोंगर पूर्ण उघडल्यावर हळूहळू सोडून दहा सेकंद हवेत स्थिर. असे चार प्रयत्न घ्या. तेवढ्या वेळात तुम्ही माइकवर केसाळ टोपी चढवून, ड्रोनपासून लांब, बागेच्या आत बसा आणि पाच मिनिटं नुसती सळसळ भरून घ्या.